हार्डवेअरच्या दुकानातला साठा: एक्सेलची शीट की ॲप? एका दुकानाचं प्रकरण

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातलं हे दुकान. हार्डवेअर आणि प्लंबिंगचा माल, जोडीला थोडं इलेक्ट्रिकल. मालक साठीच्या घरातले. त्यांना सगळे काका म्हणतात, म्हणून इथेही काकाच म्हणतो. काउंटरवर काका, मुलगा आणि सून, शिवाय माल काढून द्यायला दोन गडी. जीएसटी नोंदणी नेहमीची, कंपोझिशनची नाही, कारण बांधकामाचे ठेकेदार पक्कं टॅक्स बिल मागतात. बिलं हातानं बिलबुकात व्हायची, महिन्याच्या शेवटी ती बुकं माझ्याकडे यायची आणि मी ती टॅलीत चढवायचो. साठ्याचा हिशेब मात्र कुठेच नव्हता. तो काकांच्या डोक्यात होता आणि बऱ्याच अंशी बरोबरही होता.

प्रश्न निघाला तो काका आजारपणात तीन आठवडे घरी राहिले तेव्हा. मुलानं पाऊण इंची बॉल व्हॉल्व्ह दोनदा मागवले आणि अडीच चौरस मिलिमीटरची वायर संपली तरी कळलं नाही. मुलाचं म्हणणं, फोनवरचं एखादं बिलिंगचं ॲप घेऊ, त्यात साठा आपोआप दिसतो. सुनेचं म्हणणं, वर्षाला पैसे कशाला भरायचे, मी एक्सेलमध्ये करते. दोघंही माझ्याकडे आले आणि कोणतं बरं ते सांगा म्हणाले.

असं विचारणारे बहुतेक जण आधी वस्तूंची संख्या सांगतात. "आमच्याकडे अकराशे आयटम आहेत, शीटमध्ये बसतील का?" बसतात. अकराशेच काय, अकरा हजार ओळीही शीटला जड नाहीत. संख्येवरून हा निर्णय होत नाही. मी तिघांना एकच विचारलं: माल फळीवरून उचलला जातो त्या क्षणी कोण, कुठे, काय लिहितं?

उत्तर द्यायला त्यांना वेळ लागला, कारण एक उत्तर नव्हतंच. रोख गिऱ्हाइकाला बिल हवं असेल तर बिलबुकात. ठेकेदाराला नेहमी बिलबुकात. मिस्त्री आला की उधारीच्या वहीत, तेही कधी नग लिहून तर कधी नुसती रक्कम. आणि वीस-पन्नास रुपयांची किरकोळ विक्री, टेफ्लॉन टेप, चार स्क्रू, एखादं निपल, कुठेच नाही. म्हणजे माल बाहेर जायच्या वाटा चार आणि त्यातल्या दोनच धड लिहिल्या जाणाऱ्या. शीट घेतली काय आणि ॲप घेतलं काय, न लिहिलेला माल दोन्हींत दिसणार नाही. म्हणून पैसे भरण्याआधी महिनाभर शीटवर चालवून पाहायचं ठरलं. फुकटच्या साधनात आपल्या दुकानाची गळती कुठे आहे ते समजतं, आणि मग ॲपकडून नेमकं काय हवं ते मागता येतं.

सगळे अकराशे आयटम घेतले नाहीत. एका आयटमची पहिली मोजणी, म्हणजे खोकं उतरवणं, मोजणं, लिहिणं, परत ठेवणं, दोन मिनिटांची धरली तरी अकराशेंना छत्तीस-सदतीस तास होतात. दुकान उघडं ठेवून ते कोणी करत नाही. अर्धवट राहतं आणि अर्धवट मोजणीवर उभा राहिलेला साठा पहिल्या दिवसापासून खोटा असतो. आम्ही वर्षभराच्या खरेदीची बिलं काढून पुरवठादारांना सर्वांत जास्त पैसे कशाचे गेले ते उतरत्या क्रमानं लावलं. वायर, नळ, मोटारी, पाण्याच्या टाक्या, एमसीबी, सीपीव्हीसीच्या नळ्या आणि त्यांची चालू मापाची फिटिंग्ज. वरचे एकशे नव्वद आयटम धरले तेव्हा खरेदीचा बहुतेक पैसा त्यांतच आला. त्यांची मोजणी एका सुट्टीच्या दिवसात उरकली.

शीट सुनेनं गूगल शीट्सवर बनवली. एक्सेलची फाइल संगणकावर ठेवली की तिची एक प्रत व्हॉट्सॲपवर मुलाकडे जाते, तो त्यात बदल करतो, आणि संध्याकाळपर्यंत दोन वेगळ्या फाइली तयार होतात. एकच शीट सगळ्यांच्या फोनवर उघडली तर तो धोका राहत नाही. एक्सेलमधली जुनी यादी मात्र तिच्याकडे होती आणि तीच तिनं आधी चढवली. तिथे पहिली अडचण दिसली, जी हार्डवेअरवाल्यांना हमखास येते. मापाच्या रकान्यात 1/2 लिहिलं की एक्सेल त्याची 1 फेब्रुवारी करतं आणि 3/4 ची 3 एप्रिल. नंतर रकाना मजकुराचा केला तरी अर्धा इंच परत येत नाही. 2025 साली टाइप केलेलं असेल तर तिथे 45689 असा आकडा उरतो, कारण एक्सेल तारीख आतून दिवसांच्या संख्येनं साठवतं. पाकिटांवरच्या तेरा अंकी बारकोडचंही असंच. तो 8.9E+12 अशा रूपात दिसतो, आणि तसाच सीएसव्ही फाइलमध्ये गेला की मूळ अंक हरवतात. उपाय सोपा आहे, पण तो टाइप करण्याआधी करावा लागतो: तो रकाना आधी मजकूर म्हणून ठरवायचा. आम्ही माप मिलिमीटरमध्येच घेतलं. अर्धा इंची म्हणजे 15, पाऊण इंची म्हणजे 20, एक इंची म्हणजे 25. नळ्यांवर आणि कंपनीच्या दरपत्रकावर हीच मापं छापलेली असतात. नावात मात्र "पाऊण एल्बो सीपीव्हीसी" असंच लिहिलं, कारण काउंटरवर मिस्त्री तसंच मागतो आणि शोधणारा तेच टाइप करणार.

शीटची घडण साधी ठेवली. `Maal` नावाच्या पानावर आयटमचा कोड, नाव, एकक आणि किती उरले की मागवायचं तो आकडा. `Halchal` नावाच्या पानावर तारीख, कोड, आत आलेले नग, बाहेर गेलेले नग, कारण आणि लिहिणाऱ्याचं नाव. शिल्लक कोणी हातानं लिहायची नाही. ती सूत्रातून येते:

```
=SUMIFS(Halchal!C:C,Halchal!B:B,A2)-SUMIFS(Halchal!D:D,Halchal!B:B,A2)
```

C म्हणजे आत आलेलं, D म्हणजे बाहेर गेलेलं. सुरुवातीची मोजणीसुद्धा "आत" ची पहिली ओळ म्हणूनच येते. माझ्या मते शीटवर साठा ठेवण्यातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट हीच आहे. बहुतेक दुकानांतल्या शीटमध्ये एकच "शिल्लक" रकाना असतो. दहा नग गेले की 50 खोडून 40 करतात. महिन्यानं फळीवर 31 निघाले तर नऊ नग कुठे गेले हे शोधायला मागे काहीच उरलेलं नसतं. प्रत्येक हालचाल वेगळ्या ओळीत असली की चूक कोणत्या दिवशी आणि कोणत्या वाटेनं शिरली ते मागे जाऊन पाहता येतं.

नोंदणीकृत व्यापाऱ्याला याची कायदेशीर बाजूही आहे. जीएसटीच्या नियम 56 प्रमाणे साठ्याचा हिशेब ठेवावा लागतो: सुरुवातीची शिल्लक, आलेला माल, दिलेला माल, आणि हरवलेला, चोरीला गेलेला, नष्ट झालेला किंवा नमुना म्हणून फुकट दिलेलासुद्धा. कंपोझिशनवाल्यांना या साठ्याच्या हिशेबातून सूट आहे, काकांना नव्हती. त्याच नियमात नोंद खोडून वर लिहू नये, आणि संगणकावर ठेवलेल्या नोंदीत बदल केला किंवा ती काढली तर त्याची नोंद राहावी, असंही म्हटलेलं आहे. शिल्लक खोडून बदलणारी शीट या कसोटीला उतरत नाही. हालचालींची शीट, चूक झाली तर उलटी ओळ टाकून दुरुस्त करण्याची शिस्त पाळली तर, बरीच जवळ जाते.

महिनाभरानंतर मोजणी केली. पुष्कळ आयटम जुळले. मोटारी, टाक्या, महागडे नळ यांत एकाही नगाचा फरक नव्हता, कारण त्या वस्तू बिलाशिवाय दुकानाबाहेर जातच नाहीत. फरक निघाला तो फिटिंग्जमध्ये. त्यातल्या एका आयटमचा माग आम्ही शेवटपर्यंत काढला. तो इथे पूर्ण देतो, कारण पुढचा निर्णय त्यावरच झाला.

आयटम होता एका कंपनीचा पाऊण इंची सीपीव्हीसी एल्बो. सुरुवातीची मोजणी 140. महिन्यात आले 200. खरेदीच्या बिलावर "4 पाकीट" होतं आणि पाकिटात 50 नग. सुनेनं आधी 4 च लिहिले होते, पण शीटवरची शिल्लक फळीवरच्या मालापेक्षा फारच कमी दिसल्यावर आठ दिवसांनी तिच्याच लक्षात आलं आणि तिनं ते सुधारलं. लिहिलेली विक्री 128. म्हणजे शीटप्रमाणे शिल्लक 212. फळीवर निघाले 168. तूट 44 नगांची.

काकांचा पहिला संशय गड्यांवर गेला. तसं होणं साहजिक होतं, पण मी म्हटलं, आधी कागद पाहू. उधारीच्या वहीत एका मिस्त्रीच्या खात्यावर त्या महिन्यात 30 एल्बो निघाले. वहीत होते, शीटमध्ये चढले नव्हते. मग दुसऱ्या कंपनीच्या त्याच एल्बोकडे पाहिलं. शीटमध्ये त्याची शिल्लक उणे 20 दिसत होती, म्हणजे होते त्यापेक्षा वीस नग जास्त विकले गेले होते. प्रत्यक्षात तसं काही होऊच शकत नाही. झालं असं होतं की ठेकेदारानं त्या कंपनीचा माल मागितला, तो संपला होता, गड्यानं पहिल्या कंपनीचा दिला, आणि बिल आधीच लिहून झालं होतं. तीस आणि वीस मिळून पन्नास. आणि सहा नग मिस्त्रीनं परत आणून दिले होते. ते फळीवर गेले, कागदावर नाही. पन्नासातून सहा वजा केले की चव्वेचाळीस. चोरी एकाही नगाची नव्हती.

हिशेब जुळला तेव्हा काकांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला, आणि गडी तिथेच उभा होता त्यालाही बरं वाटलं असणार. पण माझ्या दृष्टीनं त्यातून तीन वेगळ्या चुका दिसल्या, आणि तिघींवर एकच औषध चालणार नव्हतं.

उधारीचे तीस नग सुटले, कारण एकच विक्री दोनदा लिहावी लागत होती: एकदा वहीत किंवा बिलबुकात, आणि रात्री पुन्हा शीटमध्ये. प्लंबिंगच्या दुकानात गर्दी सकाळी नऊ ते अकरा. मिस्त्री कामावर जाण्याआधी माल उचलतात, सगळे एकाच वेळी येतात आणि सगळ्यांना घाई असते. त्या दोन तासांत कोणी शीट उघडणार नाही. शीटमधल्या नोंदी पाहिल्या तर त्या सगळ्या रात्री साडेआठनंतरच्या होत्या, आणि लग्नसराईतल्या दोन दिवशी तर नव्हत्याच. इथे शीट कमी पडते. तिची सूत्रं कितीही चांगली असली तरी ती दुसरं लिखाण मागते, आणि दुकानातलं दुसरं लिखाण गर्दीच्या दिवशी पहिलं गळतं. बिलिंगचं ॲप इथे खरोखर कामाचं आहे. त्यात बिल केलं की त्याच नोंदीतून साठा कमी होतो, लिहायचं एकदाच.

दुसरी चूक, दुसऱ्या कंपनीचा माल देण्याची, ॲप घेऊनही होणारच. ॲपला फळीवर काय गेलं ते कळत नाही, बिलावर काय लिहिलं तेवढंच कळतं. पण तिची खूण मिळते. शिल्लक उणे झाली की समजायचं, एकतर खरेदी चढवायची राहिली, नाहीतर एकक चुकलं, नाहीतर नाव चुकलं. काही ॲपमध्ये उणे शिल्लक झाली तर बिलच अडवायची सोय असते. ती चालू करू नका असं मी काकांना सांगितलं. गिऱ्हाईक समोर उभं, माल फळीवर दिसतोय आणि फोन नाही म्हणतोय, अशा वेळी माणूस दुसऱ्याच आयटमवर बिल करून मोकळा होतो आणि एका चुकीच्या दोन होतात. इशारा चालू ठेवायचा, अडवणूक नाही, आणि उणे झालेल्या आयटमची यादी रोज दुकान बंद करताना पाहायची.

तिसरी, परत आलेल्या मालाची. प्लंबिंगमध्ये ही नेहमीची गोष्ट आहे. कामाला किती फिटिंग्ज लागतील ते भिंत फोडल्याशिवाय कळत नाही, म्हणून मिस्त्री जास्तच नेतो आणि उरलेलं परत आणतो. काकांची पद्धत अशी होती की महिनाभर वहीत मांडायचं आणि शेवटी परत आलेलं वजा करून एकच बिल करायचं. साठ्याच्या दृष्टीनं ते वाईट, कारण महिनाभर माल कागदावर दुकानातच राहतो. कराच्या दृष्टीनंही ते बरोबर नाही. विकलेला माल दुकानातून बाहेर जाताना, किंवा त्याआधी, बिल व्हायला हवं. मी सुचवलं की देतानाच मिस्त्रीच्या खात्यावर उधारीचं बिल करायचं आणि परत आलं की त्याच बिलावर विक्री-परतची नोंद, म्हणजे क्रेडिट नोट. काकांना आधी ते पटेना. "मिस्त्री लोक रोज रोज बिल नाही घेत हो." मी म्हटलं, कागद त्यांना रोज द्याच असं नाही, बिल व्हॉट्सॲपवर जाऊ दे, आणि महिन्याच्या शेवटी खात्याचा उतारा द्या. ते चाललं. उलट एक-दोन मिस्त्रींना ते आवडलं, कारण घरमालकाला दाखवायला त्यांच्याकडे नगवार हिशेब आला.

तेव्हा विक्रीसाठी ॲप घ्यायचं हे ठरलं. पण कोणतं घ्यायचं यापेक्षा घेण्याआधी काय तपासायचं ते मी जास्त मोलाचं मानतो. यांनी फुकटच्या चाचणीच्या मुदतीत आपल्याच दुकानाची खरी दहा-बारा बिलं टाकून पाहिली. पाकिटात घेऊन नगात विकता येतं का, आणि एका पाकिटाचे पन्नास नग हे आयटमवार ठरवता येतं का. परत आलेला माल त्या-त्या बिलावर नोंदवला की साठा वाढतो का. दोन फोनवर एकाच वेळी बिल केलं तर बिलाचे क्रमांक एकमेकांवर येतात का. नेट गेलं तर बिल होतं का आणि नंतर ते बरोबर जुळतं का. पहिल्या ॲपमध्ये यातली शेवटची गोष्ट नीट चालली नाही, म्हणून दुसरं पाहिलं. दरपत्रकावर दोन्हींत सगळ्या सोयी लिहिलेल्या होत्या. खरं बिल टाकल्यावरच फरक कळला.

आणखी एक तपासणी बहुतेक जण विसरतात: आपली माहिती बाहेर काढता येते का. नुसता "आजचा साठा" निघून चालत नाही. प्रत्येक बिल, प्रत्येक खरेदी, प्रत्येक परत नग, ओळ न् ओळ एक्सेलमध्ये उतरवता आली पाहिजे. जीएसटीचे हिशेब वार्षिक विवरणपत्राच्या ठरलेल्या तारखेपासून 72 महिने जपावे लागतात. सहा वर्षं तेच ॲप, त्याच किमतीत, तसंच चालू राहील असं धरून चालता येत नाही. वर्गणी थांबवली तर जुनी बिलं पाहता येतात की नाही हेही विचारून घ्यावं. आता दर महिन्याच्या पाच तारखेला सून ॲपमधून सगळा तपशील काढून त्या महिन्याच्या नावानं ठेवते आणि त्याचीच एक प्रत मला पाठवते. टॅलीत हातानं चढवायचं माझं काम त्यामुळे बरंच कमी झालं.

एवढं झाल्यावर शीट बंद होईल असं मुलाला वाटलं होतं. ती बंद झाली नाही, आणि त्याला कारण वायर.

घरगुती वायरचं बंडल बहुधा 90 मीटरचं येतं. कोणी बंडलच नेतं, कोणी पंधरा मीटर कापून मागतं. ॲपमध्ये एकक मीटर ठेवलं की हिशेब अगदी बरोबर येतो आणि तरीही उपयोगाचा नसतो. एके दिवशी ॲप अडीच चौरस मिलिमीटरची लाल वायर 38 मीटर शिल्लक दाखवत होतं. ठेकेदारानं फोनवर 30 मीटर सलग मागितली, मुलानं हो म्हटलं. तो आला तेव्हा फळीवर तीन तुकडे होते: 17, 12 आणि 9 मीटरचे. बेरीज 38, पण तीस मीटर सलग एकही नाही. भिंतीतल्या पाइपमधून ओढायच्या वायरला मध्ये जोड देऊन चालत नाही, त्यामुळे माणूस तसाच परत गेला. ॲपची चूक नव्हती; मीटर ही बेरीज करता येणारी गोष्ट आहे आणि तुकडा ही वेगळी, हे त्याला कोणी सांगितलेलंच नव्हतं.

उपाय असा केला. ॲपमध्ये प्रत्येक वायरचे दोन आयटम: "पूर्ण बंडल" हे नगात आणि "सुटी" हे मीटरमध्ये. बंडल फोडलं की साठ्यातल्या बदलाची नोंद करून एक बंडल कमी आणि 90 मीटर सुटी जास्त. टॅलीत हेच स्टॉक जर्नलनं होतं. आणि सुटे तुकडे सुनेच्या शीटवर, एका तुकड्याला एक ओळ: जाडी, रंग, कंपनी, उरलेले मीटर. तुकड्यावरही मार्करनं कागदी पट्टीवर उरलेली लांबी लिहिलेली असते. कापणाऱ्यानंच जुना आकडा काटून नवा लिहायचा. पाच मीटरपेक्षा लहान तुकडे शीटवर ठेवत नाहीत, ते टोपलीत जातात आणि इलेक्ट्रिशियनला स्वस्तात दिले जातात. त्यांची घट म्हणून नोंद ॲपमध्ये होते. ज्या गोष्टीला आपल्या दुकानाची अशी खास रचना लागते तिथे शीट सरस, कारण रकाना आपल्याला हवा तसा वाढवता येतो. ॲपमध्ये कोणीतरी दुसऱ्यानं विचार करून ठेवलेले रकाने असतात, आणि ते हजार दुकानांना चालतील असे असतात.

शीटवर दुसरं काम राहिलं ते मोजणीचं. एकशे नव्वद आयटम एकदम मोजत नाहीत. रोज दुपारी दोन ते चारच्या शांत वेळात सात-आठ आयटम, असं महिन्यात सगळ्यांची एक फेरी होते. गडी मोजतो आणि आकडा शीटमध्ये टाकतो. ॲपमधला आकडा त्याला आधी दाखवत नाहीत, नाहीतर मोजणाऱ्याचा हात त्या आकड्याकडे झुकतो. मग सून दोन्ही आकडे शेजारी ठेवते. फरक निघाला तर ॲपमधला साठा लगेच बदलून टाकायचा नाही, आधी कारण शोधायचं. ॲप "साठा दुरुस्त करा" असं एक सोपं बटण देतं आणि ते दाबलं की आकडा जुळतो, पण माग पुसला जातो. पाऊण एल्बोचे 44 नग जर पहिल्याच दिवशी असे जुळवून टाकले असते, तर उधारीच्या वहीचं भोक कधी सापडलंच नसतं.

आणि उरलेले नऊशे दहा आयटम? ते शीटमध्ये नाहीत आणि ॲपमध्ये असले तरी त्यांचा साठा धरलेला नाही. फक्त बिलावर नाव आणि दर येण्यापुरते आहेत. खिळे, स्क्रू, नट-बोल्ट, वॉशर, लहान निपल, एंड कॅप. यांचा नगवार हिशेब ठेवायला जेवढा पगार जाईल तेवढा त्यांत नफाही नाही. त्यांच्यासाठी दोन पिशव्यांची पद्धत लावली. प्रत्येक आयटमचा राखीव भाग वेगळ्या पिशवीत बांधून मागे ठेवायचा, पिशवीला आयटमचं नाव आणि पुरवठादार लिहिलेलं कार्ड. पुढचा माल संपून राखीव पिशवी फोडली की कार्ड काउंटरवरच्या डब्यात टाकायचं. शनिवारी मुलगा डबा उघडतो आणि त्या कार्डांवरून ऑर्डर देतो. राखीव पिशवी साधारण पंधरा दिवसांची ठेवली, कारण पुण्याहून माल यायला त्यांना आठवडा लागतो आणि पावसाळ्यात त्याहून थोडा जास्त. वर्षाच्या शेवटी, 31 मार्चला, हा माल वजनावर किंवा पेटीवर मोजून घेतात. नियम 56 चा शब्दशः अर्थ लावला तर यांचाही चालू हिशेब हवा. खरेदी आणि विक्रीची बिलं नगवार किंवा किलोवार असल्यानं तो मागितला तर काढता येतो, एवढी काळजी घेतली आहे.

हेच दुकान कंपोझिशनमध्ये असतं, काउंटरवर एकटे काका असते आणि आयटम दोनशे असते, तर मी ॲप घ्यायला सांगितलं नसतं. हालचालींची शीट आणि रात्रीची पंधरा मिनिटं पुरली असती. उलट औषधाचं दुकान असतं तर महिनाभर शीटवर चालवून पाहा असंही म्हटलं नसतं. तिथे एकाच गोळीचे वेगवेगळे बॅच आणि वेगवेगळ्या मुदती असतात, आधी संपणारं आधी जावं लागतं, आणि ते शीटवर हातानं सांभाळणं धोक्याचं आहे. घरातल्या सामानाचं म्हणाल तर तिथे बिलच होत नसतं. म्हणजे एका लिखाणात दोन कामं होण्याचा ॲपचा मोठा फायदा घरी मिळतच नाही. डाळ डब्यातून काढताना कोणी फोन काढत नाही. घरी साठ्याची शीट ठेवायची ती फक्त रोज न दिसणाऱ्या वस्तूंची: हमी असलेली यंत्रं आणि त्यांच्या खरेदीच्या तारखा, औषधांच्या मुदती, माळ्यावरच्या पेट्यांत काय आहे ते. किराण्याला दोन डब्यांची पद्धत शीटपेक्षाही बरी.

काकांच्या दुकानात अजून एक गोष्ट सुटलेली नाही, ती म्हणजे एका कंपनीऐवजी दुसरीचा माल देणं. उणे शिल्लकेच्या यादीत आठवड्याला दोन-तीन आयटम अजूनही येतात. सध्या एक उपाय चालू आहे: दोन्ही कंपन्यांची तीच मापं शेजारी शेजारी न ठेवता वेगळ्या कपाटांत ठेवली आहेत, आणि माल काढणाऱ्यानं पिशवीत काय भरलं ते मोठ्यानं सांगितल्यावरच मुलगा बिल पक्कं करतो. सकाळच्या गर्दीत हे किती दिवस टिकतं ते पावसाळा संपून बांधकामं सुरू झाली की कळेल. तोवर त्या यादीतले आकडे मी दर महिन्याला सुनेकडून मागून घेतो.